पेट्रोल, रॉकेल, डिझेल: उकळण्याचा आलेख वाचायला शिकताना

बेळगावात रसायनशास्त्राच्या किंवा ऑटोमोबाईलच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असलेली मुलं, आणि निपाणी ते खानापूर पट्ट्यात ट्रॅक्टर, ट्रक, पंपसेट सांभाळणारी माणसं, या दोघांकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो. मुलं विचारतात, "सर, पेट्रोल म्हणजे नक्की किती कार्बनचं?" ट्रकवाले विचारतात, "घनता तर बरोबर हाय की, मग डिझेलात भेसळ हाय म्हणून कसं वळखायचं?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच कागदावर मिळतं. इंधन कोणत्या तापमानाला किती उकळून गेलं, हे मांडणारा तो आलेख. तो कसा तयार होतो आणि कसा वाचायचा, ते इथे पायरीपायरीने सांगतो.

आधी साखळी समजून घ्या

कच्चं तेल म्हणजे हजारो हायड्रोकार्बनांचं मिश्रण. यातल्या सरळ साखळीच्या अल्केनांपासून सुरुवात करणं सोपं जातं. पाच कार्बनचं पेंटेन ३६ अंश सेल्सिअसला उकळतं. सात कार्बनचं हेप्टेन ९८ ला, दहाचं डेकेन १७४ ला, बाराचं २१६ ला, सोळाचं हेक्झाडेकेन २८७ ला आणि वीस कार्बनचं ३४३ ला.

यामागचं कारण साधं आहे. या रेणूंवर ना धन भार ना ऋण भार, तरीही इलेक्ट्रॉनांच्या क्षणिक हालचालीमुळे ते एकमेकांना किंचित ओढतात. साखळी जितकी लांब, तितकी शेजारच्या रेणूला लागून असलेली जागा जास्त आणि ओढही तितकी जास्त. ती ओढ तोडून वाफ व्हायला जास्त उष्णता लागते. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: उकळताना साखळी तुटत नाही, रेणू एकमेकांपासून सुटतात एवढंच. साखळी तुटण्याला क्रॅकिंग म्हणतात, आणि ती वेगळी प्रक्रिया आहे.

आता लगतच्या दोन साखळ्यांमधलं अंतर बघा. पाच कार्बनच्या पेंटेनवरून सहा कार्बनच्या हेक्झेनवर गेलं की उत्कलनांक ३३ अंशांनी वाढतो. पंधरा कार्बनवरून सोळावर जाताना तो जेमतेम १६ अंशांनी वाढतो. म्हणजे साखळी लांबत जाते तसे शेजारी-शेजारी एकमेकांच्या जवळ येत जातात. पेट्रोलच्या बाजूला घटक वेगळे करणं तुलनेने सोपं असतं आणि डिझेलच्या बाजूला अवघड. रॉकेल आणि डिझेल यांच्यातली सीमा पुसट का असते, याचं मूळ इथे आहे.

दुसरी गुंतागुंत शाखांची. आठ कार्बन आणि अठरा हायड्रोजन, म्हणजे C₈H₁₈, हे सूत्र अठरा प्रकारे जुळवता येतं. दहा कार्बनच्या अल्केनाचे पंचाहत्तर प्रकार होतात आणि सोळाचे दहा हजारांवर. सरळ ऑक्टेन १२६ अंशांना उकळतं, पण फांद्या फुटलेलं आयसो-ऑक्टेन ९९ ला. फांद्यांमुळे रेणू गोलसर होतो, शेजाऱ्याला लागून बसत नाही आणि लवकर सुटतो. म्हणून "पेट्रोल म्हणजे आठ कार्बन" असं पाठ करू नका. पेट्रोलमध्ये साधारण चार-पाचपासून बारापर्यंत कार्बनचे रेणू असतात, रॉकेलमध्ये दहा ते सोळा, डिझेलमध्ये बारा ते वीस आणि थोडे त्याहून पुढचेही. हे आकडे एकमेकांवर चढलेले आहेत, कारण रिफायनरी कार्बन मोजून वाटणी करत नाही. ती उकळण्याच्या तापमानावर वाटणी करते.

टॉवरच्या आत तेल कुठून कुठे जातं

आपल्या भागाला जवळची मोठी रिफायनरी मंगळूरची. पण टॉवर कुठलाही असो, वाट तीच.

पहिल्यांदा कच्चं तेल धुतात. त्यात मिठाचं पाणी असतं, आणि ते तसंच तापवलं तर क्षारांपासून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होऊन नळ्या खातं. तेल सव्वाशे-दीडशे अंशांपर्यंत गरम करून, त्यात थोडं गोडं पाणी मिसळून, विजेच्या क्षेत्रात ते पाणी पुन्हा वेगळं काढतात. पाण्याबरोबर मीठ जातं.

मग तेल भट्टीत शिरतं आणि ३५० ते ३७० अंशांना बाहेर पडतं. यापुढे का तापवत नाहीत? कारण त्यापुढे लांब साखळ्या तुटायला लागतात आणि भट्टीच्या नळ्यांत कोळशासारखा कडक थर, म्हणजे कोक, धरतो. ही मर्यादा सगळ्या प्रक्रियेला आकार देते. जे ३७० पर्यंत वाफ होत नाही ते या टॉवरमध्ये मिळवता येत नाही. ते तळातून काढून दुसऱ्या, निर्वात टॉवरमध्ये नेतात. तिथे दाब इतका कमी ठेवतात की तेच जड तेल न तुटता वाफ होतं.

तापलेलं तेल टॉवरच्या खालच्या भागात शिरतं. अर्धंअधिक वाफ होऊन वर निघतं, उरलेलं तळाकडे उतरतं. टॉवरमध्ये तीस ते पन्नास आडवे ट्रे असतात. प्रत्येक ट्रेवर थोडं द्रव साठलेलं असतं आणि खालून येणारी वाफ त्यातून बुडबुडत वर जाते. भाताच्या पातेल्याच्या झाकणाला वाफ लागून थेंब पडतात, तसंच इथे प्रत्येक ट्रेवर घडतं. फरक इतकाच की पडलेला थेंब खालून येणाऱ्या गरम वाफेने पुन्हा उकळतो. या देवघेवीत वाफेतले जड रेणू द्रवात राहतात आणि द्रवातले हलके रेणू वाफेत जातात. एका ट्रेवर वाटणी थोडीच होते, पण ती पुन्हा पुन्हा झाल्यामुळे माथ्याला हलकं आणि खाली जड असा क्रम तयार होतो.

माथ्याचं तापमान साधारण ११० ते १३० अंश राहतं. तिथून गॅस आणि नॅप्था, म्हणजे पेट्रोलच्या पट्ट्यात उकळणारं हलकं तेल, बाहेर पडतो. थंड करून त्याचा काही भाग पुन्हा टॉवरच्या डोक्यावर सोडतात. याला रिफ्लक्स म्हणतात, आणि नवशिक्याला सगळ्यात जास्त हेच खटकतं: मिळालेला माल परत का ओतायचा? ट्रेवर वरून उतरणारं थंड द्रव नसेल तर वाफेला झगडायला काहीच उरत नाही, ती तशीच वर निघून जाते, आणि ट्रे असूनही वाटणी होत नाही. रिफ्लक्स कमी केला की माल जास्त मिळतो, पण सीमा पुसट होतात.

मधल्या उंचीवरून रॉकेल काढतात आणि त्याखालून डिझेल. यांच्यासाठी बाजूला छोटे स्ट्रिपर टॉवर असतात. मधल्या ट्रेवरच्या द्रवातून वर जाणारी हलकी वाफ सतत जात असते, त्यामुळे त्यात थोडा नॅप्था अडकलेला असतो. स्ट्रिपरमध्ये पाण्याची वाफ सोडून तो बाहेर काढतात. ही वाफ कमी पडली तर काय होतं, ते लगेच कळतं: रॉकेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगी पकडते तो आकडा, घसरतो. भारतीय मानकाप्रमाणे रॉकेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश हवा. रॉकेलमध्ये थोडा जरी नॅप्था राहिला तरी त्याची वाफ ठिणगी पकडते आणि स्टोव्ह भडकतो. डिझेलचा रंग अचानक गडद झाला तर चूक वेगळ्या ठिकाणी असते. तिथे तळाच्या काळ्या तेलाचे थेंब वाफेच्या जोराने वर ओढले जात असतात.

टॉवरची वाटणी कितपत चोख झाली हे बघण्यासाठी रिफायनरीतली माणसं एक साधी तुलना करतात. हलक्या मालाचे ९५ टक्के कोणत्या तापमानाला उकळून गेले आणि त्याखालच्या जड मालाचे पहिले ५ टक्के कोणत्या तापमानाला गेले? दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा असेल तर वाटणी चांगली. उलट झालं तर दोघे एकमेकांत शिरले आहेत.

एकाच उत्कलनांकाचे दोन रेणू, इंजिनात उलटे

टॉवरमधून आलेला नॅप्था थेट स्कूटरमध्ये घालता येत नाही. का, ते एका जोडीवरून समजतं.

हेप्टेन ९८ अंशांना उकळतं, आयसो-ऑक्टेन ९९ ला. टॉवरच्या दृष्टीने हे दोघे जवळजवळ एकच. पण पेट्रोल इंजिनात हेप्टेनचा ऑक्टेन क्रमांक ० आणि आयसो-ऑक्टेनचा १००. मापनाची पट्टीच या दोघांवर आखली आहे. सरळ साखळी दाबली आणि तापली की ठिणगीची वाट न बघता स्वतःहून पेटते, आणि इंजिन ठोकायला लागतं. फांद्या असलेला रेणू ठिणगीपर्यंत धीर धरतो. नॅप्थ्यात सरळ साखळ्या भरपूर असतात, म्हणून रिफायनरीत पुढे त्यांना वाकवून फांद्या आणतात किंवा त्यांची वलयं करतात. पंपावरचं पेट्रोल म्हणजे अशा अनेक प्रवाहांचं मिश्रण.

डिझेल इंजिनाला नेमकं उलट हवं असतं. तिथे ठिणगी नसते. दाबलेल्या गरम हवेत इंधन फवारलं की ते लगेच पेटायला हवं. म्हणून तिथे सरळ लांब साखळी चांगली. सोळा कार्बनच्या सरळ हेक्झाडेकेनला सीटेन म्हणतात आणि त्याचा सीटेन क्रमांक १०० धरला आहे. मग निव्वळ सीटेनच का विकत नाहीत? ते १८ अंशांना गोठतं. बेळगावच्या डिसेंबरातल्या पहाटे पारा याच्या खाली उतरतो, म्हणजे टाकीत मेणाचा गोळा झाला असता. डिझेल मिश्रण असल्यामुळे वाचतं.

उकळण्याच्या पट्ट्याचा इंजिनाशी संबंध बघायचा असेल तर रॉकेलवर चालणारे जुने पंपसेट आठवा. त्यांना सुरू करताना थोडं पेट्रोल लागायचं आणि इंजिन तापलं की कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायचे. थंड इंजिनात दीडशे अंशांच्या पुढे उकळणाऱ्या रॉकेलची पुरेशी वाफ होत नाही. पेट्रोलचा एक भाग सत्तर अंशांच्या आतच वाफ होतो, म्हणून ते थंडीतही पकडतं. इंजिन गरम झालं की रॉकेललाही वाफ व्हायला उष्णता मिळते. ज्यांनी घाईत लवकर कॉक फिरवून इंजिन बंद पाडलं आहे, त्यांना उत्कलन-पट्टा म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

प्रयोगशाळेत आलेख कसा काढायचा

ही चाचणी फक्त प्रयोगशाळेत, धूर खेचणाऱ्या कपाटात आणि विजेच्या हीटरवर करायची. ज्योत नाही, जवळ आग विझवण्याचं साधन हवं. घरी, गॅरेजात, शेडमध्ये कुठेही करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि चार पावलांवरच्या ठिणगीला लागते.

शंभर मिलिलिटर नमुना मोजून १२५ मिलिच्या बाजूनळी असलेल्या फ्लास्कमध्ये घ्या. पेट्रोलचा नमुना घट्ट बुचाच्या बाटलीत, थंड ठेवलेला हवा. उघडी बाटली टेबलावर राहिली की सगळ्यात हलके घटक आधी उडून जातात आणि आलेखाची सुरुवात खोटी चढते. फ्लास्कमध्ये पोर्सेलीनचे दोन-तीन तुकडे टाका, नाहीतर तेल एकदम उसळतं. थर्मामीटरचा फुगा बाजूनळीच्या तोंडाजवळ हवा, तेलात बुडलेला नको. आपल्याला मोजायचं आहे ते बाहेर पडणाऱ्या वाफेचं तापमान.

कंडेन्सरचं पाणी पेट्रोलसाठी बर्फासारखं थंड ठेवा. डिझेलसाठी मात्र इतकं थंड ठेवलं तर शेवटी येणारं मेण नळीत जमून वाट बंद होते, म्हणून तिथे ते कोमट लागतं.

मापनपात्रात पहिला थेंब पडला की तापमान लिहा. हा आरंभ उत्कलनांक. मग मिनिटाला चार ते पाच मिलि अशा वेगाने तापवत राहा आणि १०, २०, ३० असं ९० पर्यंत, मग ९५ ला तापमान लिहीत जा. थर्मामीटरने गाठलेला सगळ्यात वरचा आकडा म्हणजे अंतिम उत्कलनांक. शेवटी फ्लास्कमध्ये उरलेलं मोजा. मिळालेलं आणि उरलेलं मिळून शंभराला जे कमी पडतं ते उडून गेलेलं. पेट्रोलमध्ये हा तोटा थोडा असतोच, डिझेलमध्ये तो जवळजवळ नसावा. डिझेलमध्ये दोन-तीन मिलि गायब झालं तर आलेख वाचू नका, आधी सांधे तपासा.

या फ्लास्कमध्ये ट्रे नाहीत, रिफ्लक्स नाही. त्यामुळे घटक स्वच्छ सुटत नाहीत, एकमेकांना ओढत बाहेर येतात. आलेखातला "१० टक्क्यांना २१५ अंश" म्हणजे २१५ ला उकळणारा एखादा रेणू नव्हे. ती त्या क्षणीच्या मिश्र वाफेची नोंद आहे. पण सगळेजण याच रीतीने काढतात, म्हणून दोन नमुन्यांची तुलना पक्की होते.

बेळगावकरांनी विसरू नये अशी दुरुस्ती

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे. इथे हवेचा दाब ७६० मिलिमीटर पाऱ्याऐवजी साधारण ६९४ च्या आसपास असतो. म्हणून आपल्याकडे पाणी शंभराला नाही, साडेसत्त्याण्णव अंशांच्या सुमारास उकळतं. निर्वात टॉवर ज्या तत्त्वावर चालतो तेच तत्त्व इथे थोड्या प्रमाणात घाटमाथ्यावर लागू आहे. इंधनाचे सगळे आकडेही इथे खाली वाचले जातात, आणि मानकांतल्या मर्यादा समुद्रसपाटीच्या दाबाच्या आहेत.

दुरुस्तीचं सूत्र असं:

दुरुस्ती = ०.०००१२ × (७६० − दाब) × (२७३ + वाचन)

दाब मिलिमीटर पाऱ्यात, वाचन सेल्सिअसमध्ये, आणि आलेलं उत्तर वाचनात मिळवायचं. एक उदाहरण करून बघू. पेट्रोलचा अंतिम उत्कलनांक इथे २०७ वाचला. भारतीय मानकात वरची मर्यादा २१० अंश. वरवर नमुना पास. आता ०.०००१२ गुणिले ६६ गुणिले ४८० केलं की ३.८ येतात. खरा आकडा २१०.८, म्हणजे नमुना नापास. बॅरोमीटरकडे न बघता सही करणारा इथे फसतो. डिझेलच्या वरच्या टोकाला, तीनशेच्या पुढे, ही दुरुस्ती साडेचार अंशांपेक्षाही जास्त होते. दाब रोजचा रोज वाचा, पावसाळ्यात तो थोडा बदलतो.

घनता बरोबर, तरीही डिझेल संशयास्पद: एक नमुना सोडवून

आता ट्रकवाल्याच्या प्रश्नाकडे येऊ. पंपावर घनता मोजण्याची मागणी कोणताही ग्राहक करू शकतो. हायड्रोमीटर आणि थर्मामीटर पंपावर असतात. समजा डिझेलमध्ये हायड्रोमीटर घनमीटरला ८१७ किलो दाखवतो आणि तापमान २७ अंश आहे. घनतेची तुलना नेहमी १५ अंशांवर करतात. पंपावर त्यासाठी तक्ता असतो, तोच वापरायचा. पण मनाशी अंदाज घ्यायला डिझेलसाठी दर अंशाला ०.७ धरा, पेट्रोलसाठी ०.९. बारा अंशांचे ८.४ मिळवले की ८२५.४.

डिझेल ८२५ म्हणजे अगदी सामान्य आकडा. इथेच माणसं समाधानाने परत जातात. पण टँकरबरोबर आलेल्या चलनावर डिपोची घनता लिहिलेली असते. ती ८३२ असेल, तर फरक साडेसहाचा पडला. तीनपेक्षा जास्त फरक हा पंपावर धोक्याचा इशारा मानला जातो आणि नमुना प्रयोगशाळेकडे जायला हवा. म्हणून नुसती "घनता दाखवा" म्हणू नका, "चलनावरची घनताही दाखवा" म्हणा.

प्रयोगशाळेत दोन नमुने लावले, एक डिपोचा आणि एक पंपाचा. दाबाची दुरुस्ती करून आकडे असे आले असं समजू.

डिपोच्या डिझेलचा पहिला थेंब १७८ अंशांना, १० टक्के २१५ ला, ५० टक्के २७५ ला, ९० टक्के ३४० ला, ९५ टक्के ३५५ ला.

पंपाच्या नमुन्याचा पहिला थेंब १६५ ला, १० टक्के १९० ला, ५० टक्के २६० ला, ९० टक्के ३३५ ला, ९५ टक्के ३५२ ला.

आधी मानक बघा: ९५ टक्के ३६० अंशांच्या आत गेले पाहिजेत. दोन्ही नमुने पास. फ्लॅश पॉइंटची खालची मर्यादा डिझेललाही ३५ अंशच आहे, आणि रॉकेल ती स्वतःच पाळतं, म्हणून तिथेही अडकत नाही. पण आलेख एकावर एक ठेवा. शेपूट जवळजवळ जागच्या जागी आहे, तीन अंश हलली आहे. डोकं मात्र २५ अंशांनी खाली आलं आहे. मिसळलेली वस्तू जड नाही, हलकी आहे. आणि ती साधारण दीडशे ते अडीचशे अंशांत उकळणारी आहे. पेट्रोल असतं तर पहिला थेंब कितीतरी खाली पडला असता आणि फ्लॅश पॉइंट कोसळला असता. राहतं ते रॉकेल. घनतेवरून प्रमाणही काढता येतं: रॉकेल ८०० च्या घनतेचं धरलं तर ८३२ वरून ८२५.५ वर यायला साधारण वीस टक्के रॉकेल लागतं.

रेशनच्या रॉकेलला निळा रंग दिलेला असतो तो याचसाठी. पण रंग काढून टाकता येतो आणि बिनरंगाचं रॉकेलही मिळतं, म्हणून डिझेल निळसर दिसत नाही यावर विसंबू नका. असं डिझेल पातळ असतं. पंपाच्या आणि नोझलच्या धातूला त्याने मिळणारं वंगण कमी होतं, आणि ते नुकसान एका दिवसात दिसत नाही.

पेट्रोलमध्ये हेच रॉकेल मिसळलं तर चित्र उलटं होतं, आणि ही गोष्ट नवशिक्याने पक्की करावी. समजा चांगल्या पेट्रोलचे ९० टक्के १५५ ला जातात आणि अंतिम उत्कलनांक १९५ आहे. दहा टक्के रॉकेल पडलं की डोकं आणि मध्य फारसे हलत नाहीत, पण ९० टक्क्यांचा आकडा पावणेदोनशेच्या पुढे जातो आणि शेवट २१० ची मर्यादा ओलांडून २३० च्या पलीकडे जातो. घनता मात्र ७४८ वरून ७५३, म्हणजे ७२० ते ७७५ या मानकाच्या अगदी मधोमध. पेट्रोलात रॉकेल शोधायचं असेल तर शेपूट बघा, डिझेलात शोधायचं असेल तर डोकं बघा.

हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, आणि त्यामुळे आलेख बघून मुलं घाबरतात. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं आणि पेट्रोलमधल्या हलक्या घटकांना बरोबर घेऊन त्याहून थोडं खालीच बाहेर पडतं. म्हणून सत्तरीच्या आसपास आलेख बराच वेळ सपाट चालतो आणि इथेनॉल संपलं की एकदम उडी मारतो. ही भेसळ नव्हे. सपाटी किती लांब आहे यावरून उलट इथेनॉलचं प्रमाण कमी-जास्त असल्याचा अंदाज येतो.

या पद्धतीची मर्यादाही माहीत असू द्या. डिझेलमध्ये पाच टक्के रॉकेल असेल तर घनता दीड-दोनने हलते, जी तीनच्या आत बसते, आणि आलेखाचं डोकं इतकं थोडं सरकतं की डिपोचा मूळ नमुना शेजारी नसेल तर काहीच सिद्ध होत नाही. दोन वेगवेगळ्या रिफायनऱ्यांच्या चांगल्या डिझेलांतही तेवढा फरक असू शकतो. अशा वेळी प्रत्येक घटक वेगळा दाखवणारं गॅस क्रोमॅटोग्राफ लागतं. तक्रार करायची असेल तर इंधन भरल्याची पावती ठेवा, त्या दिवशी पंपाच्या नोंदवहीत लिहिलेली घनता आणि चलनावरची घनता दोन्ही टिपून घ्या, आणि नमुना पंपावरच, तुमच्यासमोर, सील करून घ्यायला लावा. गाडीच्या टाकीतून काढलेला नमुना प्रयोगशाळा तपासून देईल, पण टाकीत आधीचं किती आणि कुठलं इंधन होतं हे कोणताही आलेख सांगू शकत नाही.